ओलीची भिंत आणि आजीचं लुगडं

वडगावात आम्ही तिघं एका खोलीत भाड्यानं राहतो. माझी कॉट भिंतीला चिकटून. जुलैत उशीला कुबट वास यायला लागला, गादीमागं काळी बुरशी! मालक म्हणाले, "बेळगावचा पाऊस आहे बाबा, चालायचंच."

भिंतीला रंग मारण्याआधी एक केलं. वीतभर प्लॅस्टिक भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावलं. दोन दिवसांनी बघितलं तर थेंब वरच्या, खोलीकडच्या बाजूला, म्हणजे ओल खोलीतल्या हवेची. थेंब प्लॅस्टिकच्या आतून, भिंतीकडं असते, तर पाणी भिंतीतनं येतंय, ते बाहेरनं दुरुस्त केल्याशिवाय थांबत नाही. वरून मारलेला रंग पोपडे धरतो.

चूक आमचीच होती. तिघांचे ओले कपडे आत वाळत होते आणि खिडकी बंद. दोरी व्हरांड्यात नेली, बुरशी ओल्या फडक्यानं पुसली, कॉट चार बोटं पुढं ओढली. कॉटच्या बाजूला नाड्यावर आजीचं जुनं इरकल सोडलं, भिंतीला न टेकवता. पडदाही झाला. खर्च साठ रुपये, तोही दोरी आणि खिळ्यांचा.

वास आठवड्यात गेला. आता रूममेटला तसलंच लुगडं पाहिजे.