राजीनाम्यात 'तात्काळ' लिहिणाऱ्या पोरींसाठी

सांगलीत मेट्रन म्हणून काम करताना माझ्या टेबलावर स्टाफचे इतके राजीनामे आले, की विषयाची ओळ वाचूनच पुढे काय घोटाळा असणार ते कळायचं. पगारासाठी दुसरीकडे जाणारीचं पत्र दोन ओळींचं असतं आणि त्यात फारसं बिघडतही नाही. बिघडतं ते शिकायला जाणारीचं. चार वर्षं आयसीयूत उभी राहिलेली जीएनएमची मुलगी, पोस्ट बेसिक बी.एस्सी.ला नंबर लागलेला, घरात पेढे वाटलेले, आणि पत्र मोबाईलवरून जसंच्या तसं उतरवलेलं: 'मी तात्काळ प्रभावाने राजीनामा देत आहे.'

हा 'तात्काळ' पहिल्यांदा खोडा. तो शब्द कुठल्या तरी कंपनीच्या नमुन्यातून येतो. वॉर्डात त्याचा अर्थ एकच: उद्याच्या ड्यूटी लिस्टला भोक.

एका मुलीचं सांगते, हॉस्पिटलचं नाव घेत नाही. कॉलेजात १८ जुलैपर्यंत हजर व्हायचं होतं. हिने पत्र लिहिलं १० तारखेला, 'तात्काळ'वालं, आणि नाइट संपताना ओव्हर देता देता इनचार्ज सिस्टरच्या हातात दिलं. इनचार्जने ते रजिस्टरमध्ये ठेवलं आणि ऑफ घेतला. ऑफिसात पत्र पोचलं १४ ला. नेमणूकपत्रात एक महिन्याची नोटीस होती. ऑफिसने १४ पासून मोजलं, म्हणजे १३ ऑगस्टपर्यंत. मुलगी १७ पर्यंत ड्यूटी करून गेली. मस्टरवर पुढचे सत्तावीस दिवस गैरहजेरी लागली, तेवढा पगार हिशेबात वळता झाला आणि कार्यमुक्तीचं पत्र अडकलं. तिकडे कॉलेज तेच पत्र मागत होतं. आई-वडील तासगावहून दोनदा येऊन माझ्यासमोर बसले. मी तरी काय करणार? तिने तोंडी सांगितलं होतं म्हणे, जूनमध्येच. तोंडी सांगितलेलं मस्टरला दिसत नाही.

यातली खरी अडचण मुलीच्या उतावळेपणाची नाही, तारखांची आहे. सीट मिळाल्यावर हजर व्हायला मोजके दिवस मिळतात आणि नोटीस महिन्याची असते. सीट हातात नसताना राजीनामा देऊ नये, हे माझं पक्कं मत. तशा दोघी-तिघी ना इकडच्या ना तिकडच्या झालेल्या मी पाहिल्यात. मग हा मधला खड्डा बुजवायचा कसा? पत्रातच, स्पष्ट आकड्यांत.

पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलीला मी असंच बसवून लिहून घेतलं. सीट ६ जुलैला लागली, हजर व्हायचं १८ पर्यंत. पत्र ७ ला. महिना धरला तर नोटीस ६ ऑगस्टला संपते. तिची शेवटची ड्यूटी १६ जुलै, म्हणजे एकवीस दिवस कमी पडतात. तिच्या खात्यावर बारा दिवसांची हक्काची रजा शिल्लक होती. ती नोटिशीत धरावी, उरलेल्या नऊ दिवसांचा पगार कापावा, असं तिने स्वतःहून लिहिलं. रजा नोटिशीत धरणं हे हॉस्पिटलच्या मर्जीवर असतं, म्हणून तिथे शब्द 'विनंती' हवा. राजीनाम्याला मात्र 'विनंती' नको. 'राजीनामा मंजूर करावा ही नम्र विनंती' असं लिहिलं की तो रजेचा अर्ज वाटतो. राजीनामा द्यायचा असतो, मागायची असते ती सवलत.

शेवटच्या दिवसापुढे पाळीही लिहा. १६ ची नाइट १७ ला सकाळी संपते, आणि 'शेवटचा दिवस १६' एवढंच लिहिलं की एकीला वाटतं मी १६ ला सकाळी मोकळी, लिस्ट लावणारीला वाटतं रात्री येणार. त्या रात्री आठ बेडला एकच स्टाफ उरते.

दुसरी चूक मला जास्त बोचते: आभाराच्या वाक्याला चिकटलेली कुरकुर. 'येथे खूप शिकायला मिळाले, मात्र अपुऱ्या स्टाफमुळे…' पोरी, स्टाफ अपुरा असतो हे मला माहीत आहे, लिस्ट मीच लावते. तक्रार खरी असेल तर वेगळ्या कागदावर, नोकरीत असताना करा. राजीनामा तुमच्या फाइलला कायमचा राहतो, आणि एम.एस्सी.च्या वेळी अनुभवाचा दाखला मागायला आलात की तीच फाइल उघडते.

नुसतं गोड लिहिणंही उपयोगाचं नाही. 'आपल्या अमूल्य मार्गदर्शनाबद्दल' हे मी शेकड्यांनी वाचलंय, एकही लक्षात नाही. लक्षात आहे ते एक: ऑगस्ट २०१९ च्या महापुरात घरी जाता येईना, तेव्हा हॉस्पिटलने वरच्या मजल्यावर झोपायची सोय केली, ते एका मुलीने दोन ओळींत लिहिलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी ते पत्र फाइलला लावण्याआधी दोनदा वाचलं. माणसाचं किंवा प्रसंगाचं एक नाव घ्या, बस्स.

बाकीच्या चुका झटपट. व्हॉट्सअॅपवर राजीनामा पाठवू नये. पत्र इनचार्जला उद्देशून नको, वैद्यकीय संचालकांना, मेट्रनमार्फत. कोर्सचं नाव लिहा, नुसतं 'उच्च शिक्षण' नको. अनुभवाच्या दाखल्याचा अर्ज वेगळा करा, आणि त्यात तुमचं नाव नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीत आहे तसंच येईल हे बघा.

बारा दिवसांची रजा शिल्लक असलेल्या त्या मुलीचं पत्र असं होतं:

*प्रति,*
*मा. वैद्यकीय संचालक*
*मार्फत: मा. मेट्रन*

*विषय: उच्च शिक्षणासाठी राजीनामा.*

*महोदय,*

*मी आपल्या रुग्णालयात चार वर्षांपासून आयसीयू विभागात स्टाफ नर्स म्हणून काम करत आहे. पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी माझी निवड झाली असून १८ जुलैपर्यंत महाविद्यालयात हजर व्हायचे आहे. म्हणून मी राजीनामा देत आहे. १६ जुलैची इव्हिनिंग ही माझी शेवटची ड्यूटी असेल.*

*नोटीस कालावधीत एकवीस दिवस कमी पडतात. माझी शिल्लक बारा दिवसांची रजा त्यात धरावी व उरलेल्या नऊ दिवसांचा पगार वळता करावा, ही विनंती. तोपर्यंत नव्या स्टाफला व्हेंटिलेटरचे काम दाखवून देईन.*

*पहिल्या आठवड्यात माझ्या हाताला सलाइन लागत नव्हते, तेव्हा इनचार्ज सिस्टर रोज ड्यूटी संपल्यावर माझ्यासाठी थांबल्या. ते मी विसरणार नाही. आपण सर्वांनी दिलेल्या विश्वासाबद्दल मनापासून आभार.*

*आपली विश्वासू,*

हे दोन प्रतींत लिहायचं. एक आवक खिडकीवर द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन पर्समध्ये ठेवायची. खिडकीवरचा 'ठेवून जा, शिक्का मारतो नंतर' म्हणाला तर तिथेच उभं राहायचं.