टॅबवर गृहपाठ करताना कोपर मोजा

पोरांनो, मूठ वळा. कोपर टॅबच्या काचेला टेकवा आणि मूठ गालाच्या हाडाला लावा. एवढं अंतर तरी हवंच. सुरुवातीला सगळे नीट बसतात, पण टॅब मांडीवर आडवा असेल तर दहा मिनिटांत मान खाली जाते आणि नाक काचेजवळ येतं. म्हणून टॅब दप्तराला टेकवून तिरका उभा करा. अक्षरं बारीक वाटली तर ती मोठी करा, तुम्ही पुढं सरकू नका.

आता वहीचं कोरं पान टॅबशेजारी धरा. पानापेक्षा काच दिव्यासारखी झगझगली तर उजेड कमी करा, मळकट दिसली तर वाढवा. खोलीतला दिवा मात्र चालूच ठेवा.

रंकाळ्यावर पलीकडचा काठ बघताना डोळे कसे सैल असतात! जवळचं बघताना डोळ्यातला स्नायू आवळलेला राहतो. म्हणून दर 20 मिनिटांनी खिडकीतून समोरच्या गच्चीवरची टाकी 20 सेकंद बघा. ती 20 फुटांपलीकडं असावी. तेव्हा पापण्याही सावकाश मिटा, कारण टॅब बघताना आपण त्या कमी मिटतो आणि डोळे चुरचुरतात. एवढं करूनही फळा अंधूक दिसला, तर घरी लगेच सांगा.