दिवाळीच्या ऑर्डर कधी बंद कराव्यात?

ज्यांनी नुकतेच स्वतःचे ब्लाउज आणि ड्रेस शिवण्याचे दुकान सुरू केले आहे आणि ज्यांची ही पहिलीच दिवाळी आहे, त्यांच्यासाठी लिहीत आहे. माझ्या पहिल्या दिवाळीत घेतलेल्या ऑर्डरपैकी बऱ्याच मी वेळेवर देऊ शकले नाही. माझा हिशेब कुठे चुकला, हे समजायला मला पुढचे वर्षभर लागले.

घटस्थापनेपासून वसुबारसेपर्यंतचे, सुट्ट्या वगळून, माझ्याकडे 22 दिवस होते. दोन कारागिरांचे प्रत्येकी आठ तास धरून मी 352 तास काढले. अस्तराच्या ब्लाउजला मशीनवर दीड तास आणि ड्रेसला सव्वादोन तास लागतात, म्हणून 110 ब्लाउज आणि 50 ड्रेस घेतले. त्याचे 277.5 तास होत होते आणि वर सत्तरेक तास शिल्लक दिसत होते, त्यामुळे मी निर्धास्त होते.

आठव्या दिवशी सकाळी दोन्ही कारागीर मशीनसमोर रिकामे बसलेले दिसले, कारण शिवायला बेतलेले कापडच नव्हते. बेतणारी मी एकटी होते. दुकानात गिऱ्हाईक असताना मापे घ्यायची, कापड किती लागेल ते सांगायचे, पावती करायची, आणि त्यातून कटिंगसाठी दिवसाला जेमतेम तीन तास उरायचे. ब्लाउजला अर्धा तास आणि ड्रेसला पाऊण तास धरला तर घेतलेल्या कामाला कटिंगचे साडेब्याण्णव तास हवे होते, आणि 22 दिवसांत माझ्याकडे होते 66. म्हणजे मी आणखी एक मशीन आणि आणखी एक कारागीर आणला असता, तरी एकही ब्लाउज लवकर झाला नसता. सीझनपुरता कारागीर उचल देऊन आणण्याचा सल्ला नव्या माणसाला सर्रास दिला जातो; कटिंग अडलेले असताना तो सल्ला मला घातकच वाटतो.

मग मी रात्री बेतायला लागले. एका पैठणीच्या ब्लाउजपीसचे काठ बाहीला जुळवायचे होते, म्हणून कापड दुहेरी न घालता एकेक बाही वेगळी कापली. अकरा वाजून गेले होते. दुसरी बाही कापताना कागदी साचा उलटायचा राहिला आणि दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघाल्या. काठ तेवढाच होता, दुसरा मिळणार नव्हता. त्या काकू काही बोलल्या नाहीत, पण पुन्हा दुकानात आल्या नाहीत. आजही काठाचे कापड मी सकाळीच बेतते.

म्हणून आधी घड्याळ लावून स्वतःचे कटिंग मोजा. कात्री चालते तेवढाच वेळ धरू नका. घडी उघडून कापड इस्त्री करण्यापासून, अस्तर वेगळे कापून, मापाची चिठ्ठी लावून गठ्ठा बांधेपर्यंतचा सगळा वेळ त्यात येतो. मी आधी कात्रीचा वेळ धरून ब्लाउजला पंधरा मिनिटे सांगत असे. प्रत्यक्षात तो अर्धा तास निघाला. ही एकच गोष्ट नीट मोजली, तर बाकीचा हिशेब अवघड नाही.

आता मी त्या 22 दिवसांतून शेवटचे चार दिवस ट्रायल आणि दुरुस्तीसाठी बाजूला काढते, कारण मुंढा ओढतो, पाठ सैल पडते, अशी कामे तेव्हाच परत येतात. आणखी एक दिवस वीज जाणे किंवा कारागीर न येणे यासाठी सोडते. उरलेल्या 17 दिवसांचे कटिंगचे 51 तास होतात. त्यात 60 ब्लाउजचे 30 आणि 28 ड्रेसचे 21 तास बसतात. एवढ्या कामाला मशीनवर 153 तास लागतात आणि चहा, दोरा बदलणे, बिघाड वजा जाता कारागिराचे साडेसहाच तास धरले, तरी ते 221 आहेत. हुक आणि तुरपाई घरी नेणाऱ्या ताईंनाही हा आकडा आधी सांगते.

ऑर्डर वहीत प्रत्येक पावतीपुढे कटिंगची मिनिटे लिहिते आणि रोज रात्री बेरीज करते. बेरीज 51 तासांवर आली की त्याच दिवशी पाटी लावते, मग दसरा यायचा असो वा होऊन गेलेला असो. ज्यांच्याकडे मी शिकले, ते मास्तर दसऱ्यापर्यंत ऑर्डर घेत, आणि मी त्यांची तारीख आंधळेपणाने उचलली होती. त्यांच्याकडे बेतणारे दोघे होते, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. दुसऱ्याची तारीख कधीही उचलू नका.

जुन्या गिऱ्हाइकांसाठी पाच तास राखून ठेवता येतात, पण ते 51 च्या आतले असले पाहिजेत. पहिल्या वर्षी नाही म्हणताना माझा जीव खाली-वर होत असे. ‘वसुबारसेपर्यंत जमणार नाही, तुळशीच्या लग्नाआधी नक्की देते’ असे सांगितले, तर अनेकजणी कापड ठेवून जातात. ते गठ्ठे वेगळ्या फळीवर ठेवा. दिवाळीच्या गठ्ठ्यांत मिसळले की कारागीर हाताला येईल ते आधी शिवतो.