सोयाबीनचे भाव, हमीभाव आणि फसवं रिग्रेशन: प्रबंधात फरक घेण्याआधीच्या या चुका टाळा

वाशीम-अकोला पट्ट्यातल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना लघुप्रबंधासाठी विषय सुचवायची वेळ येत नाही. घरात सोयाबीन असतं आणि भावाचा प्रश्न जेवताना रोज निघतो. त्यामुळे 'वाशीम बाजार समितीतील सोयाबीनचा भाव कशावर ठरतो' असं काहीतरी दरवर्षी एक-दोघं घेतातच. समजा, एका विद्यार्थिनीने १२० महिन्यांची आकडेवारी गोळा केली आहे. पहिल्या रकान्यात वाशीमचा महिन्याचा सर्वसाधारण दर, दुसऱ्यात लातूरचा आणि तिसऱ्यात केंद्राने जाहीर केलेला हमीभाव. तिने वाशीमच्या भावावर हमीभावाचं सरळ रिग्रेशन चालवलं. आर-स्क्वेअर ०.७ आला, हमीभावाचं टी-मूल्य १५ च्या वर गेलं आणि प्रकरण लिहून झालं, 'हमीभावाचा बाजारभावावर लक्षणीय परिणाम होतो'.

त्याच पानावर खाली डर्बिन-वॉटसनचा, म्हणजे लागोपाठच्या महिन्यांतल्या चुका एकमेकींशी जोडलेल्या आहेत का ते सांगणारा, आकडा ०.२ होता. तिथे कुणी पाहिलंच नाही.

## दोन चढत्या रेषा

हमीभाव दरवर्षी वाढत आला आहे. २०२१-२२ साठी ३९५० रुपये, मग ४३००, ४६००, ४८९२ आणि २०२५-२६ साठी ५३२८. बाजारभावही दहा वर्षांत एकूण वर सरकला. आपल्या धुऱ्यावरच्या कडुनिंबाची उंची दरवर्षी मोजून ती हमीभावासमोर ठेवली, तरी आर-स्क्वेअर असाच घसघशीत येईल. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी १९७४ मध्ये हेच दाखवलं. एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या दोन भटक्या मालिका घेतल्या, तरी टी-मूल्य वारंवार 'लक्षणीय' येतं. त्यांनी दिलेली खूण आजही उपयोगी आहे. आर-स्क्वेअर डर्बिन-वॉटसनपेक्षा मोठा दिसला की त्या रिग्रेशनवर विश्वास ठेवायचा नाही. आपल्या उदाहरणात ०.७ विरुद्ध ०.२ आहे.

हमीभावाच्या बाबतीत दुसरीही एक चूक दडलेली असते आणि ती मला जास्त गंभीर वाटते. हमीभाव वर्षातून एकदाच बदलतो. महिन्याच्या तक्त्यात एकच आकडा बारा वेळा चिकटवला म्हणून माहिती बारापट होत नाही. १२० ओळींमध्ये हमीभावाचे खरे आकडे दहाच असतात. अशा पायरीसारख्या मालिकेचा फरक घेतला, म्हणजे प्रत्येक महिन्यातून मागचा महिना वजा केला, तर अकरा शून्यं आणि एक उडी हाती लागते. तिच्यावर एडीएफ, म्हणजे मालिका धक्क्यानंतर आपल्या सरासरीकडे परतते का हे तपासणारी चाचणी चालवून 'स्थिर' किंवा 'अस्थिर' असं लिहिण्याला अर्थ नाही. हमीभावाचा प्रश्न विचारायचाच असेल, तर बाजारभाव हमीभावाच्या किती वर किंवा खाली आहे हे टक्क्यांत काढून ती मालिका अभ्यासावी. नाहीतर हमीभाव वर्णनाच्या प्रकरणात ठेवावा आणि मॉडेल वाशीम-लातूर या दोन बाजारांवर उभं करावं. पुढे मी हाच दुसरा मार्ग धरतो.

## चाचणीत कोणता पर्याय निवडला?

आधी दोन्ही भावांचे लॉग घ्या. ३००० च्या भावावर ३०० रुपयांची चढ आणि ६००० वर ६०० ची चढ बाजाराच्या दृष्टीने सारखीच आहे, आणि लॉगमध्ये ती सारखीच दिसते. मग आलेख काढा आणि त्याच्याकडे पाच मिनिटं नुसतं पाहा. चाचणी त्यानंतर. ग्रेटल हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि कॉलेजच्या जुन्या संगणकावरही चालतं, म्हणून त्यातल्याच आज्ञा देतो:

```
logs washim latur
adf 12 l_washim --c --test-down
kpss 4 l_washim
diff l_washim
adf 12 d_l_washim --c --test-down
corrgm d_l_washim 24
```

इथे `--c` म्हणजे फक्त स्थिरांक आणि `--ct` म्हणजे स्थिरांक व कल दोन्ही. बहुतेक गोंधळ याच ठिकाणी होतो. सुमारे शंभर निरीक्षणांसाठी पाच टक्के पातळीची मर्यादा स्थिरांकासह उणे २.८९ आहे आणि कलासह उणे ३.४५. विद्यार्थी दोन्ही चालवतात आणि जे सोयीचं पडेल ते तक्त्यात टाकतात. परीक्षकांनी 'हाच पर्याय का?' असं विचारलं की उत्तर नसतं. उत्तर आलेखात असतं. मालिका एका सरळ उताराभोवती फिरताना दिसते का? मग कलासह चाचणी घ्या. भाव वर जातो, खाली येतो, पण ठरलेल्या वेगाने चढत नाही? मग स्थिरांक पुरे. स्थिरांकसुद्धा नाही असा `--nc` पर्याय भावाच्या मालिकेला लावू नका, कारण भाव शून्याभोवती फिरत नाही.

दुसरी अडचण चाचणीच्या अर्थाची. एडीएफचं गृहीतक 'मालिकेत युनिट रूट आहे', म्हणजे धक्के कधीच ओसरत नाहीत, असं असतं. पी-मूल्य ०.३ आलं, तर ते गृहीतक नाकारता आलं नाही, एवढंच कळतं. युनिट रूट सिद्ध झालेलं नसतं. समजा, दर महिन्याला मागच्या धक्क्याचा ०.९५ भाग उरतो. ही मालिका स्थिर आहे, पण निम्मा धक्का ओसरायलाच साडेतेरा महिने लागतात. दहा वर्षांत असे फेरे मोजकेच दिसतात आणि एडीएफ तिला बऱ्याचदा ओळखू शकत नाही. २०१० ते २०२४ अशी वार्षिक पंधरा निरीक्षणं घेणाऱ्यांची अवस्था तर याहून अवघड.

म्हणून सोबत केपीएसएस लावायची. तिचं गृहीतक उलटं, 'मालिका स्थिर आहे'. कल नसताना पाच टक्क्यांची मर्यादा ०.४६३. एडीएफ नाकारत नाही आणि केपीएसएस नाकारते, तर फरक घ्यायला भक्कम आधार मिळाला. दोन्ही नाकारत नसतील, तर आकडेवारी अपुरी आहे असं स्पष्ट लिहा. त्यात कमीपणा नाही. दोन्ही नाकारत असतील, तर आलेखाकडे परत जा, कारण तिथे बहुधा एखादी मोड, म्हणजे पातळीतला अचानक बदल, असते.

## २०२१ ची मोड

सोयाबीनच्या आलेखात ती मोड डोळ्यांना दिसते. २०२१ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात भाव झपाट्याने चढले. ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. सोंगणीच्या तोंडावर भाव कोसळले. डिसेंबरमध्ये सेबीने सोयाबीनचे वायदे थांबवले. पेरॉन यांनी १९८९ मध्ये दाखवलं की स्थिर मालिकेची पातळी मध्येच एकदा बदलली, तर साधी डिकी-फुलर चाचणी तिला युनिट रूट समजून बसते. फरक घेऊन हा प्रश्न सुटत नाही. पातळीतल्या पायरीच्या जागी फरकाच्या मालिकेत एकच भलामोठा खांब उभा राहतो.

झिवोट-अँड्र्यूज चाचणी मोडेची तारीख आकड्यांतूनच शोधते. पण तिने दिलेली तारीख बाजारातल्या घटनेशी ताडून पाहा. चाचणीने २०१७ चा एखादा महिना दाखवला आणि त्या महिन्यात काय घडलं हे तुम्हाला सांगता येत नसेल, तर तो निकाल प्रबंधाचा पाया करू नका.

## फरक जास्त घेतला, तर

'फरक घेतल्याने नुकसान काय?' हा प्रश्न मला नेहमी येतो. आवकेचं उदाहरण घ्या. सोयाबीनची आवक दिवाळीच्या आसपास फुगते आणि उन्हाळ्यात आटते. एडीएफ गोंधळली, म्हणून मुलं पहिला फरक घेतात, मग दुसरा. खरं म्हणजे इथे महिन्यांचे अकरा डमी, म्हणजे त्या महिन्यात १ आणि इतर वेळी ० असणारी चलं, घातले की उरलेली मालिका बऱ्याचदा स्थिरच निघते.

अनावश्यक फरकाची खूण कशी पडते ते पाहा. प्रत्येक महिन्याचा आकडा स्वतंत्र आहे आणि त्याचं विचरण १ आहे असं धरा. लागोपाठच्या दोन आकड्यांचा फरक घेतला की विचरण २ होतं, म्हणजे गोंगाट दुप्पट. शेजारच्या दोन फरकांमध्ये मधला आकडा सामाईक असतो, एकात अधिक आणि दुसऱ्यात उणे. त्यामुळे त्यांचं सहविचरण उणे १ येतं आणि सहसंबंध उणे ०.५. `corrgm` च्या तक्त्यात पहिल्याच लॅगला उणे ०.५ च्या जवळपास खांब दिसला, तर एक फरक मागे घ्या. विचरण कमी होण्याऐवजी वाढलं असेल, तर शंका अधिकच पक्की.

## आणि जे फरकात हरवतं

वाशीम आणि लातूर दोन्ही भाव अस्थिर निघाले, दोन्हींचा फरक घेतला, रिग्रेशन केलं. तांत्रिक दोष काही नाही. पण प्रश्न होता 'वाशीमचा भाव लातूरमागे चालतो का', आणि आता उत्तर मिळतंय ते फक्त एका महिन्यातल्या हालचालीचं. दोन्ही बाजारांतलं अंतर दीर्घकाळ बांधलेलं आहे का, ही माहिती आपणच फेकून दिली. अशा बांधलेल्या नात्याला सहसमाकलन म्हणतात आणि ते तपासायची आज्ञा ही:

```
coint 4 l_washim l_latur
```

एंगल-ग्रेंजर पद्धतीत आधी पातळीवरचं रिग्रेशन करतात आणि त्याचे अवशेष स्थिर आहेत का ते तपासतात. इथली ठरलेली चूक अशी की अवशेष वेगळे साठवून त्यांच्यावर नेहमीची एडीएफ चालवली जाते आणि उणे २.८९ शी तुलना होते. अवशेष हे अंदाजातून आलेले असतात, रिग्रेशनने त्यांना आधीच शक्य तितकं लहान केलेलं असतं. त्यामुळे दोन चलांसाठी मोठ्या नमुन्यात मर्यादा उणे ३.३४ आहे, आणि १२० महिन्यांसाठी त्याहून थोडी कडक. उणे ३.०५ आलं, तर पहिल्या तक्त्यानुसार 'संबंध आहे' आणि योग्य तक्त्यानुसार सिद्ध होत नाही. वरची आज्ञा पी-मूल्य योग्य तक्त्यातूनच देते.

सहसमाकलन निघालं, तर त्रुटी-सुधार मॉडेल वापरा. त्यात फरकही असतात आणि मागच्या महिन्याचं अंतरही. समजा, नेहमी वाशीमचा भाव लातूरपेक्षा १५० रुपयांनी कमी असतो आणि एका महिन्यात ही दरी ४०० झाली, म्हणजे २५० जास्त. वाशीमच्या समीकरणात सुधाराचा गुणांक उणे ०.४ असेल आणि लातूर जागचं हललं नाही, तर जादा दरी पुढच्या महिन्यात १५० उरेल, मग ९०, मग ५४. हिशेब लॉगमध्ये होतो, इथे समजायला रुपयांत मांडला. हा गुणांक अधिक आला किंवा शून्यापासून वेगळा दिसला नाही, तर वाशीम जुळवून घेत नाही. अशा वेळी लातूरच्या समीकरणातला गुणांक पाहा, कदाचित हालचाल तिकडून होत असेल. एकाही समीकरणात जुळवणी दिसत नसेल, तर सहसमाकलनाचा निकालच पुन्हा तपासा, आणि त्या तपासणीत २०२१ च्या मोडेचा डमी विसरू नका.