शाळेचं ग्रंथालय रुब्रिकने तपासताय? या चुका टाळा

संग्रह, उपलब्धता, वापर आणि वाचन-प्रोत्साहन अशा चार ओळी आणि प्रत्येक ओळीला १ ते ४ पातळ्या. शाळेच्या ग्रंथालयासाठी एवढं रुब्रिक पुरतं. तक्ता एका पानावर मावतो आणि मुख्याध्यापक तो अर्ध्या तासात भरून टाकतात. गडबड नेमकी तिथेच होते, कारण अर्ध्या तासात फक्त रजिस्टरं बघून होतात. कपाट उघडायला आणि मुलांशी बोलायला वेळच उरत नाही.

एक नमुना धरू. पहिली ते आठवीची जिल्हा परिषद शाळा, पट १६२. पुस्तकं ऑफिसातल्या दोन लोखंडी कपाटांत. एका शिक्षिकेकडे ग्रंथालयाचा चार्ज. तक्ता भरला गेला तो असा: संग्रह ४, उपलब्धता ३, वापर ३, प्रोत्साहन ४. एकूण १६ पैकी १४. आता एकेक ओळ उकलून बघू.

दाखल रजिस्टरवरचा शेवटचा आकडा म्हणजे संग्रह नव्हे

या शाळेच्या पुस्तकांच्या दाखल रजिस्टरचा शेवटचा क्रमांक आहे १२४०. शाळेची माहिती दरवर्षी सरकारला कळवायच्या यू-डायसच्या फॉर्मात पुस्तकांची संख्या विचारतात, तिथे हाच आकडा जातो आणि दरवर्षी थोडा वाढतो. गहाळ झालेलं, वाळवीने खाल्लेलं, कुणी नेऊन परत न आणलेलं पुस्तक त्यातून कधीच वजा होत नाही, कारण निर्लेखनाचा, म्हणजे ते पुस्तक नोंदीतून रीतसर कमी करण्याचा, प्रस्ताव करण्याच्या फंदात कोणी पडत नाही.

सगळी पुस्तकं मोजायला दोन दिवस लागतील. त्यापेक्षा रजिस्टरमधून कसेही ५० क्रमांक उचला आणि ती पुस्तकं कपाटात शोधा. सलग क्रमांक घेऊ नका. सलग क्रमांक बहुतेक एकाच खरेदीचे असतात आणि एकाच खोक्यात पडून असतात. नमुन्याच्या शाळेत ५० पैकी ३३ सापडली. त्या ३३ पैकी १२ शिक्षक हस्तपुस्तिका, जुनी पाठ्यपुस्तकं आणि स्पर्धा परीक्षांचे गाइड निघाले. ४ फाटलेली होती. मुलाच्या हातात देण्याजोगी राहिली १७. म्हणजे १२४० पैकी अंदाजे सव्वाचारशे, एका मुलामागे अडीचच्या आसपास. पन्नासाच्या नमुन्यावरून काढलेला हा अंदाज ढोबळच आहे, पण १२४० पेक्षा तो खऱ्याच्या कितीतरी जवळचा आहे.

आता ती १७ पुस्तकं इयत्तेच्या नजरेने बघा. पहिली-दुसरीचं मूल स्वतः वाचू शकेल असं, पानावर दोन-तीन ओळी आणि मोठं चित्र असलेलं पुस्तक त्यांत एकच होतं. बाकी सगळी पाचवीच्या वरची. या शाळेचा संग्रह फार तर २ वर जातो.

उलट तपासणीही करा. कपाटातली दहा-पंधरा पुस्तकं उचलून ती रजिस्टरमध्ये आहेत का ते पाहा. देणगीत आलेली, समग्र शिक्षाच्या ग्रंथालय अनुदानातून आलेली कितीतरी पुस्तकं नोंदीविना पडून असतात. नोंद नसलेलं पुस्तक मुलाला घरी देता येत नाही असं समजून ते आतच राहतं.

तासिका बघू नका, किल्ली बघा

वेळापत्रकात शनिवारी ग्रंथालयाची तासिका आहे म्हणून उपलब्धतेला ३ दिले गेले. इथे दोनच प्रश्न विचारायचे. कपाटाची किल्ली कोणाकडे असते? त्या बाई प्रशिक्षणाला गेल्या की पुस्तकं मिळतात का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आलं तर पातळी २ च्या वर जाऊ शकत नाही.

ही ओळ मोघम शब्दांत लिहिली की तपासणाऱ्याला सूट मिळते. ‘उपलब्धता चांगली’, ‘उपलब्धता समाधानकारक’ याला काही अर्थ नाही. पातळ्या अशा लिहा, की बघणाऱ्याला फक्त होय किंवा नाही म्हणता यावं:

१. पुस्तकं कुलूपबंद, मागितल्यावर, एकाच व्यक्तीकडून मिळतात.
२. ठरलेल्या तासिकेला कपाट उघडतं, पण पुस्तक शिक्षक काढून देतात.
३. मुलं स्वतः निवडतात आणि घरी नेतात. आठवड्यातून किमान दोनदा, सर्व इयत्ता.
४. शाळा चालू असताना रोज. उघड्या मांडणीतून, लहान मुलाचा हात पोचेल अशा उंचीवर. देवघेव मुलंही सांभाळतात.

नमुन्याच्या शाळेत बाई पुस्तकांचा गठ्ठा वर्गात नेऊन वाटायच्या. हाताला येईल ते पुस्तक मुलाला. म्हणजे तिसरी पातळी नाहीच, दुसरी.

मात्र यात बाईंना दोष देऊन पुढे जाणं सोपं आणि चुकीचं आहे. बदली झाली की चार्ज देताना पुस्तकं मोजून द्यावी लागतात आणि कमी भरली तर खिशातून भरावी लागतील ही धास्ती खरी आहे. कपाटाचं कुलूप बहुतेक वेळा या धास्तीतून येतं. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत तर वर्षभरात दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकांची हानी रास्त धरली आहे, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. हा नियम जिल्हा परिषदेला जसाच्या तसा लागू होत नाही, पण शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत अशीच एक मर्यादा ठराव करून ठेवता येते. ठराव लिखित झाला की कुलूप बऱ्याचदा आपोआप सैल होतं. म्हणूनच तपासताना ‘या वर्षी एकही पुस्तक हरवलं नाही’ असं कोणी अभिमानाने सांगितलं, तर मी आधी देवघेव किती झाली ते विचारतो.

सरासरीत न वाचणारी मुलं दिसत नाहीत

वापराच्या ओळीत सगळ्यांत जास्त फसगत होते. जुलै-ऑगस्टच्या देवघेव रजिस्टरमध्ये ४८६ नोंदी. पट १६२. भागाकार केला की मुलामागे तीन पुस्तकं येतात आणि तक्त्यात ३ लिहून मोकळं होता येतं.

भागाकार करू नका. हजेरीपट समोर ठेवा आणि प्रत्येक नावापुढे पुस्तकागणिक एक रेघ मारत जा. आठ इयत्तांचं हे काम दीड-दोन तासांचं आहे, सातवी-आठवीची दोन मुलंही मदतीला घेता येतील. नमुन्याच्या शाळेत रेघा अशा पडल्या: २४ मुलांच्या नावावर २७० नोंदी, ८० मुलांच्या नावावर २१६, आणि ५८ मुलांच्या नावापुढे काहीच नाही.

या ५८ जणांची यादी म्हणजे सगळ्या मूल्यमापनाचा गाभा. त्यांतली ३६ पहिली-दुसरीतली. ‘लहान आहेत, फाडतील’ म्हणून त्यांच्या वर्गात गठ्ठा जातच नव्हता. १३ जणांनी गेल्या वर्षीचं पुस्तक परत केलं नव्हतं, म्हणून त्यांना पुस्तक देणं बंद. उरलेली ९ मुलं चौथी ते सातवीतली, अडखळत वाचणारी. त्यांच्या वाट्याला येणारं पुस्तक त्यांना झेपत नव्हतं, म्हणून ती शनिवारी पुस्तक घ्यायलाच नाही म्हणायची. म्हणजे वापराच्या ओळीतला खड्डा वापराने पडलेलाच नव्हता. ४९ मुलांचं कारण उपलब्धतेत होतं, ९ मुलांचं संग्रहात. पण एक तृतीयांशाहून जास्त मुलांच्या नावावर एकही पुस्तक नाही, म्हणून वापर १.

रजिस्टरवर विश्वास ठेवण्याआधी एकदा त्याच्याकडे नीट बघा. सगळ्या नोंदी हजेरी क्रमांकाच्याच क्रमाने, एकाच पेनाने आणि प्रत्येक पुस्तक बरोबर सात दिवसांनी परत, असं दिसलं तर रजिस्टर एका बैठकीत भरलेलं असण्याची शक्यता मोठी. खऱ्या देवघेवीत उशीर असतो, खाडाखोड असते, एखादं पुस्तक दोन महिने परत येत नाही. खात्री करायची तर पाच-सहा मुलांना बोलावून नोंदीतलं पुस्तक दाखवा आणि त्यात काय होतं ते गप्पांच्या ओघात विचारा. परीक्षा घेतल्यासारखं विचारलंत तर खरं वाचलेलं मूलही गप्प बसेल.

वाचन प्रेरणा दिनाचे फोटो

प्रोत्साहनाला ४ मिळाले ते १५ ऑक्टोबरच्या कार्यक्रमावर. गेल्या वर्षीचे फोटो, बातमीचं कात्रण, सगळं फाइलला जोडलेलं. कार्यक्रमाला माझा विरोध नाही. पण रुब्रिकमध्ये कार्यक्रमांची संख्या ठेवली की शाळा कार्यक्रमच करत राहते.

त्याऐवजी कार्यक्रमानंतरच्या दोन आठवड्यांतल्या नोंदी आधीच्या दोन आठवड्यांशी ताडून बघा. त्या वाढल्या नसतील, तर प्रोत्साहन मंचावरच राहिलं. (दिवाळीची सुट्टी मध्ये येत असेल तर सुट्टीचे दिवस वगळायला विसरू नका, नाहीतर उगीच घट दिसेल.) दुसरी खूण त्याहून साधी: शिक्षक वर्गात पाठ्यपुस्तकाबाहेरचं पुस्तक मोठ्याने वाचून दाखवतात का, आणि आठवड्यातून किती वेळा? हे शिक्षकांना विचारण्यापेक्षा तिसरीच्या मुलांना विचारलेलं बरं. ‘गेल्या आठवड्यात सरांनी कोणती गोष्ट वाचली?’ यावर चार मुलांनी एकच नाव सांगितलं तर पातळी ३ नक्की. इथे मुलं एकमेकांकडे बघत राहिली. प्रोत्साहन २.

बेरीज आणि एकट्याने भरलेला तक्ता

दुरुस्त आकडे आता असे: संग्रह २, उपलब्धता २, वापर १, प्रोत्साहन २. यांची बेरीज ७ येते, पण तक्त्यातून तो रकाना काढूनच टाका. केंद्रप्रमुखांच्या अहवालात बेरीज गेली की शाळांची क्रमवारी लागते आणि पुढच्या वेळी सगळ्या शाळा १४ वर पोचतात. शिवाय सर्वांत कमी आकडा वापराचा आहे म्हणून वापरावर उपाय करायला गेलं तर ‘जास्त वाचा’ स्पर्धा निघते, आणि त्यात पुन्हा तीच २४ मुलं बक्षीस घेतात. ओळी क्रमाने वाचायच्या: पुस्तक आहे का, मग हाताला लागतं का, मग वापरलं जातं का. जिथे पहिली अडचण सापडते तिथून काम सुरू.

इथे संग्रहही कमी पडतो, तरी या शाळेने आधी खरेदी करू नये असं माझं मत, कारण ५८ पैकी ४९ मुलं उपलब्धतेपाशीच अडली आहेत. १३ मुलांवरची बंदी उठवायला आणि पहिली-दुसरीच्या वर्गात दोरीवर पुस्तकं टांगायला पैसे लागत नाहीत. या सत्रात एवढंच. अनुदान येईल तेव्हा ते सगळं सोप्या, मोठ्या अक्षरांच्या पुस्तकांवर खर्च करावं. त्यातून पहिली-दुसरीची गरज भागते, आणि अडखळत वाचणाऱ्या त्या ९ जणांचीही. मात्र सहावीतल्या मुलाला ‘बालवाडीचं पुस्तक’ दिल्यासारखं वाटू नये म्हणून ही पुस्तकं इयत्तेचं लेबल न लावता मांडावीत.

तक्ता दोघांनी वेगवेगळा भरावा, एक चार्ज असलेला शिक्षक आणि एक नसलेला. एखाद्या ओळीत दोन पातळ्यांचा फरक पडला तर सरासरी काढू नये, दोघांनी मिळून कपाटाशी जाऊन बघावं. पुढची तपासणी जानेवारीच्या अखेरीस, परीक्षांची घाई सुरू होण्याआधी. तेव्हा दाखल रजिस्टरमधून नवे ५० क्रमांक घ्यायचे. जुने ५० एव्हाना कोणीतरी शोधून, झटकून वरच्या फळीवर लावून ठेवलेले असतात.