काय-वर्ग कसोटी हाताने सोडवताना या चुका टाळा

ठाण्यात माझ्याकडे पदवीची मुलं सर्वेक्षणाचे प्रकल्प घेऊन येतात. प्रश्न बहुधा चांगला असतो, माहितीही उन्हातान्हात उभं राहून गोळा केलेली असते, आणि काय-वर्ग कसोटीचं उत्तर मात्र चुकलेलं असतं. चुका त्याच त्याच असतात. त्या दिसाव्यात म्हणून मी सरावासाठी एक तक्ता बनवला आहे. आकडे कल्पित आहेत, पण प्रश्न ठाण्यातलाच आहे: माणूस राहतो कुठे आणि स्टेशनला येतो कसा, यांचा एकमेकांशी संबंध आहे का?

समजा, ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला १२० जणांना विचारलं.

| राहण्याचं ठिकाण | बस | शेअर रिक्षा | चालत किंवा दुचाकी | बेरीज |
|---|---|---|---|---|
| घोडबंदर रोड | ३७ | २१ | १४ | ७२ |
| नौपाडा | १३ | १९ | १६ | ४८ |
| बेरीज | ५० | ४० | ३० | १२० |

पहिली अडचण अपेक्षित संख्येची. सहा चौकटी आहेत, माणसं १२० आहेत, म्हणून प्रत्येक चौकटीत २० असं बरेच जण लिहून टाकतात. तसं केलं तर उत्तर १९.६ येतं आणि मोठा संबंध सापडल्यासारखं वाटतं. पण हा प्रश्नच वेगळा झाला. घोडबंदरची माणसं जास्त भेटली आणि बसने येणारे जास्त निघाले, एवढ्यानेही हा आकडा फुगतो. आपल्याला बेरजा आहेत तशा ठेवून विचारायचं आहे: राहण्याच्या जागेचा साधनाशी काहीच संबंध नसता, तर चौकटीत किती माणसं आली असती? एकूण १२० मधले ५० बसने येतात, तर घोडबंदरच्या ७२ मधलेही त्याच प्रमाणात बसने यायला हवेत. म्हणून ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज भागिले एकूण: ७२ × ५० ÷ १२० = ३०. याच रीतीने घोडबंदरच्या ओळीत ३०, २४, १८ आणि नौपाड्याच्या ओळीत २०, १६, १२ येतात. इथे पूर्णांक आले ते मी बेरजा तशा निवडल्या म्हणून. तुमच्या तक्त्यात १७.३८ आलं तर ते १७ करू नका. अपेक्षित संख्या म्हणजे खरी माणसं नव्हेत, तिला अपूर्णांक चालतो.

आता प्रत्येक चौकटीत मिळालेल्या संख्येतून अपेक्षित संख्या वजा करा. वरच्या ओळीत +७, −३, −४ आणि खालच्या ओळीत −७, +३, +४. इथे जरा थांबा. प्रत्येक ओळीची आणि प्रत्येक स्तंभाची बेरीज शून्य यायलाच हवी. न आल्यास गुणाकार-भागाकारात चूक आहे, आणि ती वर्ग करण्याआधी सापडणं सोपं. वर्ग केल्यावर उणे चिन्हं जातात आणि चूक दडून बसते.

पुढे फरकाचा वर्ग करून अपेक्षित संख्येने भागायचं. ४९ ÷ ३० = १.६३, मग ०.३८, ०.८९, २.४५, ०.५६, १.३३. बेरीज ७.२४. काही जण घाईत मिळालेल्या संख्येने भागतात, मग ८.१४ येतं. ही चूक वरच्या शून्याच्या तपासणीत पकडली जात नाही, म्हणून अपेक्षित संख्या मूळ तक्त्यातच कंसात लिहा आणि भागताना कंसातलाच आकडा घ्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक टक्क्यांची आहे. अहवालात टक्के छान दिसतात: घोडबंदरचे ५१.४ टक्के बसने येतात, नौपाड्याचे २७.१. मुलं हेच टक्के चौकटीत भरून कसोटी लावतात. मी तसं करून पाहिलं, उत्तर आलं १२.७६. खरं उत्तर ७.२४. कारण सरळ आहे. प्रत्येक ओळ १०० झाली, म्हणजे १२० माणसांची नकळत २०० झाली, आणि नौपाड्याची ४८ माणसं घोडबंदरच्या ७२ इतकीच वजनदार ठरली. काय-वर्गाला माणसांची संख्या लागते, कारण किती जणांना विचारलं यावरच पुरावा किती भक्कम हे ठरतं. हीच प्रमाणं ६० जणांत मिळाली असती तर काय-वर्ग निम्मा, म्हणजे ३.६२ झाला असता. टक्क्यांत ही माहिती पुसली जाते. ओळखायची खूण अशी: उजव्या खालच्या कोपऱ्यातली बेरीज भरलेल्या फॉर्मच्या संख्येइतकी आहे का?

हीच खूण आणखी एक घोटाळा पकडते. ‘एकापेक्षा जास्त पर्याय निवडा’ असा प्रश्न असेल, तर कधी बस कधी रिक्षा असा माणूस दोन चौकटींत मोजला जातो आणि बेरीज १२० च्या वर जाते. अशा तक्त्यावर ही कसोटी लागू होत नाही. ‘बहुतेक दिवशी कशाने येता?’ असं विचारायला हवं होतं. शेअर रिक्षाच्या रांगेतल्या चार मैत्रिणींना एकत्र विचारलंत, तर मात्र बेरीज बरोबर येईल आणि तरीही चूक राहील, कारण चार उत्तरं एकमेकींवर अवलंबून आहेत. हे कागदावर दिसत नाही, मैदानातच सांभाळावं लागतं.

आता कोष्टक. ७.२४ पुरेसं मोठं आहे का, हे कोष्टकातल्या सीमेशी ताडून ठरतं, आणि ती सीमा डिग्रीज ऑफ फ्रीडमवर, म्हणजे किती चौकटी मोकळेपणाने भरता येतात यावर, अवलंबून असते. त्या किती? सहा चौकटी वजा एक, पाच, असं उत्तर मला अनेकदा मिळतं. या चुकीबद्दल मला मुलांविषयी सहानुभूती आहे, कारण १९०० साली ही कसोटी मांडणारे कार्ल पिअर्सनही अशा तक्त्यासाठी चौकटींतून एकच वजा करत. रोनाल्ड फिशर यांनी १९२२ मध्ये ते दुरुस्त केलं. बेरजा ठरलेल्या असताना घोडबंदरच्या बस आणि रिक्षा या दोनच चौकटी भरा, उरलेल्या चारही वजाबाकीने मिळतात. म्हणून (ओळी − १) × (स्तंभ − १) = १ × २ = २. बेरजेची ओळ आणि बेरजेचा स्तंभ यात मोजायचे नाहीत. फरक किती पडतो बघा: ५ टक्के पातळीला २ साठी सीमा ५.९९ आहे आणि ५ साठी ११.०७. आपलं ७.२४ पहिली ओलांडतं, दुसरी नाही. म्हणजे निष्कर्षच उलटतो.

लहान संख्यांचा नियमही उलटा वाचला जातो. कुठल्याही चौकटीत ५ पेक्षा कमी नको, हा ढोबळ नियम अपेक्षित संख्येसाठी आहे, मिळालेल्या संख्येसाठी नाही. चौकटीत ३ माणसं असून अपेक्षित ८ असतील तर बिघडत नाही. पण सायकलने येणारे तीनच असतील आणि त्यांना वेगळा स्तंभ दिलात, तर अपेक्षित १.८ आणि १.२ येतात आणि कोष्टकातल्या सीमेवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून मी दुचाकी आणि चालणं एकत्र ठेवलं आहे. असे गट अर्थ पाहून जोडा, उत्तर हवं तसं येईपर्यंत जोडत राहू नका.

राहिला निष्कर्ष. ‘घोडबंदरला राहिल्यामुळे लोक बस घेतात’ हे ७.२४ मधून निघत नाही. संबंध नसता तर एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने क्वचितच, सुमारे २.७ टक्के वेळा, दिसला असता, इतकंच निघतं. फरक कुठे आहे हे सहा तुकड्यांत दिसतं: १.६३ आणि २.४५ मिळून ४.०८, म्हणजे निम्म्याहून जास्त वाटा एकट्या बसच्या स्तंभाचा. अहवालात मी असं लिहीन: ‘राहण्याचं ठिकाण आणि स्टेशनला येण्याचं साधन यांत ५ टक्के पातळीवर संबंध आढळला (काय-वर्ग ७.२४, डिग्रीज ऑफ फ्रीडम २, एकूण १२०). घोडबंदरचे ३७ जण बसने येतात, अपेक्षित ३० होते. नौपाड्याचे १३ येतात, अपेक्षित २० होते.’