मुदतबाह्य औषधांचा परतावा : क्रेडिट नोट येईपर्यंत तोटा लिहू नये

मालवणमधील एखाद्या मेडिकल दुकानाने जीएसटी वगळता ६,००० रुपये खरेदी किमतीची मुदतबाह्य औषधे कुडाळच्या वितरकाकडे पाठवली, तर ती रक्कम त्याच दिवशी साठ्यातून कमी करून ‘एक्स्पायरी क्लेम येणे’ या खात्यात नावे टाकावी; तोटा लगेच लिहू नये. परताव्याच्या चलनावर बॅच क्रमांक, मुदत व मूळ बिल क्रमांक लिहून वितरकाची पोचसही घ्यावी, कारण पावसाळ्यात खोके आठवडाभर वाटेत राहिले तर क्लेमची तारीख याच कागदावरून सिद्ध होते.

समजा, क्रेडिट नोट ४,२०० रुपयांची आली. तेवढी रक्कम वितरकाच्या देण्यातून वजा करावी. उरलेल्या १,८०० रुपयांपैकी १,३०० रुपये ठरलेल्या कपातीचे आणि ५०० रुपये नाकारून परत आलेल्या कापलेल्या स्ट्रिपचे असतील, तर दोन्ही रकमा ‘मुदतबाह्य औषधांचा तोटा’ खात्यात स्वतंत्र नोंदींनी लिहून क्लेम खाते शून्य करावे. परत आलेल्या स्ट्रिप नियमानुसार नष्ट करायच्या असल्याने त्यांच्यावर घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिटही उलटवावे लागते. माझ्या मते सर्वाधिक विसरली जाणारी नोंद हीच आहे.